दुकान मार्केटप्लेसवर असू द्या, गिऱ्हाईक तुमचं हवं

मागच्या व्हिडिओत वेळेअभावी हिशोब पूर्ण सांगता आला नव्हता. बऱ्याच जणांनी तोच विचारला, म्हणून आज सविस्तर लिहितो.

साताऱ्याच्या एक ताई माझ्या बॅचला होत्या. मॅक्रमेचं काम करतात, म्हणजे कॉटनच्या दोराच्या गाठी मारून केलेली वॉल हँगिंग, तोरणं, कुंड्या टांगायचे झोले. घरात त्या आणि शेजारच्या तीन बायका मिळून काम चालायचं. महिन्याची विक्री साधारण 1,20,000 रुपये आणि त्यातले 1,08,000 एकाच मोठ्या मार्केटप्लेसवरून. म्हणजे शंभरातले नव्वद रुपये एकाच दारातून यायचे.

दिवाळीच्या महिनाभर आधी त्यांचं अकाउंट बंद झालं. एका फोटोबद्दल कुणीतरी तक्रार केली होती, एवढंच कारण कळलं. कागद पाठवले, मेल केले, अकरा दिवसांनी अकाउंट परत सुरू झालं. पण तोवर सीझनच्या ऐन ऑर्डरी गेल्या होत्या. दोर उधारीवर भरून ठेवला होता आणि तीन बायकांचे पैसे द्यायचे होते. त्या मला फोनवर म्हणाल्या, "सर, माल माझा, हात माझे, पण गिऱ्हाईक कोण आहे तेच मला माहीत नाही."

खरं दुखणं तेच आहे. दोन वर्षांत हजारो पार्सलं गेली, पण त्यांच्याकडे फोन करून सांगता येईल असं एकही नाव नव्हतं.

अशा वेळी लगेच सल्ला मिळतो की मार्केटप्लेस सोडा, स्वतःची वेबसाइट काढा, कमिशन वाचेल. मला हा सल्ला पटत नाही, कारण मी तो पाळून बघितलाय. माझं कराडला पडद्यांचं आणि घरसजावटीचं दुकान आहे. सुरुवातीला मी 45,000 रुपये घालून वेबसाइट केली. सहा महिन्यांत अकरा ऑर्डरी आल्या आणि त्यातल्या चार नातेवाइकांच्या होत्या!

आता ताईंचा हिशोब बघा. 800 रुपयांचं एक वॉल हँगिंग घेऊ. दोर, दांडी आणि मजुरी मिळून 310 आणि पॅकिंग 25, म्हणजे घरातच 335 रुपये लागतात. विक्रीवरचा जीएसटी सगळीकडे सारखा, म्हणून बाजूला ठेवू. मार्केटप्लेसच्या फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट त्यांना मिळतं, तोही धरत नाही.

मार्केटप्लेसवर त्यांचे फी आणि शिपिंगचे मिळून 200 जायचे, तिथल्या जाहिरातीचे 60, आणि परत आलेल्या मालाचा खर्च सगळ्या ऑर्डरींवर वाटला तर 40. हातात राहायचे 165.

मग त्यांनी इन्स्टाग्रामवर जाहिरात देऊन थेट विकायला सुरुवात केली. कमिशन शून्य. पण एक नवीन गिऱ्हाईक आणायला जाहिरातीचे सरासरी 200 रुपये गेले. कुरिअरला 110 लागले, कारण मोठ्या कंपनीला मिळतो तो दर आपल्याला मिळत नाही. राहिले 155. म्हणजे सगळी धावपळ करून दहा रुपये कमीच!

पण त्याच गिऱ्हाइकाने पुन्हा फोन करून दुसरं हँगिंग मागवलं, तर जाहिरातीचा खर्च नाही. यूपीआयने पैसे आले तर त्यावर कापलं काही जात नाही. फक्त कुरिअरचे 110. हातात राहतात 355.

म्हणून माझं म्हणणं असं: थेट विक्रीचा फायदा पहिल्या ऑर्डरीत नसतो, तो दुसऱ्या ऑर्डरीत असतो. तुमच्याकडे दुसरी ऑर्डर येण्याची व्यवस्था नसेल, तर थेट विक्री म्हणजे मार्केटप्लेसचं कमिशन जाहिरात कंपनीला देणं.

इथे घरसजावटीची एक अडचण आहे. लोणचं महिन्याने संपतं, वॉल हँगिंग पाच वर्षं भिंतीवर राहतं. मग तेच गिऱ्हाईक परत कशाला येईल? ताईंनी आणि मी बसून जुन्या ऑर्डरींच्या तारखा काढल्या, तेव्हा उत्तर मिळालं. आपला माल लोक जुना झाला म्हणून घेत नाहीत, प्रसंग आला म्हणून घेतात. गणपती, दिवाळी, पाडवा, वास्तुशांत, लग्न. शिवाय काही लोक दुसऱ्यासाठी घेतात, आणि ते पुन्हा पुन्हा घेतात. आपली थेट विक्री या दोन गोष्टींवर उभी राहते.

नंबर कुठून आणायचे?

आधी कुठून आणायचे नाहीत ते सांगतो. मार्केटप्लेसच्या पार्सलमध्ये "पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या" अशी चिठ्ठी टाकू नका. बहुतेक ठिकाणी हे नियमाविरुद्ध आहे आणि अकाउंट त्यावरून जाऊ शकतं. तिथल्या ऑर्डरीवरचे नंबर काढून मेसेज करणंही तसंच. मात्र पाकीटबंद मालाच्या लेबलवर तुमचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क देणं कायद्यानेच लागतं. ते लेबल नीट, वाचता येईल असं छापा आणि मालावर ब्रँडचं नाव शिवा. कुणी आपणहून शोधत आलं तर सापडलं पाहिजे, एवढंच.

ताईंनी नंबर गोळा केले ते प्रदर्शनांतून. बचत गटांची, शाळेच्या मैदानावरची, सोसायटीतली दोन दिवसांची प्रदर्शनं. टेबलावर क्यूआर ठेवला. स्कॅन केलं की त्यांचं व्हॉट्सॲप बिझनेस उघडतं. पण खरी मेख पुढे आहे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त त्याच लोकांपर्यंत पोचते ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. तुमच्याकडे चारशे नंबर असले आणि त्यांनी तुमचा सेव्ह केला नसेल, तर तुम्ही भिंतीशी बोलताय. म्हणून ताई पिशवी हातात देताना सांगतात, "हे धुवायचं कसं त्याचा व्हिडिओ पाठवते, तेवढा नंबर सेव्ह करा." गिऱ्हाइकाला कारण पटतं आणि तिथल्या तिथे सेव्ह होतो.

सोबत एक साधी वही. नाव, नंबर, काय घेतलं, कुणासाठी, आणि पुढचा प्रसंग कोणता. "डिसेंबरमध्ये बहिणीची वास्तुशांत" एवढी एक ओळ हजार फॉलोअर्सपेक्षा मोलाची असते. मेसेज महिन्यातून एक, फार तर दोन. रोज सुप्रभात पाठवलं तर लोक ब्लॉक करतात.

कोणता माल कुठे ठेवायचा?

तोच माल थेट स्वस्तात देऊ नका. बाहेर भाव कमी दिसला तर काही मार्केटप्लेसवर तुमचंच लिस्टिंग मागे पडू शकतं, आणि गिऱ्हाईकही फक्त भाव बघायला शिकतं. ताईंनी माल वाटून घेतला. ठरलेल्या मापाची, पांढरी, पटकन खपणारी हँगिंग मार्केटप्लेसवर. भिंतीच्या मापाची, पडद्याला जुळणाऱ्या रंगाची, नाव गुंफलेली तोरणं फक्त थेट. मापाच्या मालाला तुलना नसते, म्हणून घासाघीसही कमी होते.

दुसऱ्यासाठी घेणारे

महाबळेश्वर रस्त्यावरच्या एका होमस्टेने बारा खोल्यांसाठी बारा हँगिंग घेतली, प्रत्येकी 650 ला. गाडीभाडं प्रत्येकी 50 पडलं, पॅकिंग 15. म्हणजे दीडशे रुपये कमी घेऊनही एका नगामागे 275 राहिले, आणि त्या खोल्यांत उतरणाऱ्या दोघा-तिघांनी नंतर नंबर मागून घेतला. इंटिरियरवाल्यांचंही तसंच. एकदा तुमचं काम वेळेवर मिळालं की ते दुसऱ्या साइटलाही तुम्हालाच फोन करतात. मात्र इथे उधारी चिकटते. निम्मे पैसे आधी आल्याशिवाय दोर कापायचा नाही, हा नियम ताईंनी एकदाच मोडला आणि त्यांचे ते पैसे चार महिने अडकले.

आणि संक्रांत ते रथसप्तमी! उरलेल्या दोराच्या तुकड्यांच्या त्यांनी किचेन केल्या आणि हळदीकुंकवाचं वाण म्हणून पन्नास-पन्नासच्या पाकिटात विकल्या. नफा छोटा, पण एका ऑर्डरीत पन्नास घरांत त्यांचं नाव पोचलं.

सुरुवातीला काय बिघडलं?

कुरिअरने पहिल्याच महिन्यात झटका दिला. हँगिंगचं वजन 600 ग्रॅम, पण बिल तीन किलोच्या वर. कारण कुरिअरवाले खोक्याचं माप धरतात. सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5000, असा हिशोब बऱ्याच कंपन्यांचा असतो. दांडी 75 सेंटिमीटरची, म्हणून खोका 80 × 20 × 10. भागाकार 3.2 किलो. मग सुताराकडून दांडी मधोमध कापून स्क्रूने जोडता येईल अशी करून घेतली. खोका झाला 42 × 20 × 10, म्हणजे 1.68 किलो. वर सांगितलेले 110 रुपये हे या नंतरचे आहेत.

दुसरं म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. अनोळखी गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही तर जायचं आणि यायचं, दोन्ही भाडं तुमच्या खिशातून. मापाचा माल तर परत आला तरी दुसऱ्याला चालत नाही. त्यामुळे मापाच्या ऑर्डरीला पूर्ण पैसे आधी. काही ऑर्डरी गेल्या, जाऊ दिल्या.

चौदा महिन्यांनी ताईंची विक्री 1,75,000 झाली. त्यात मार्केटप्लेसचे 1,08,000 तसेच आहेत. ते तोडले नाहीत, पण वाटा नव्वद टक्क्यांवरून बासष्टवर आला. उद्या पुन्हा अकरा दिवस बंद पडलं तर त्रास होईल, पण तीन बायकांचे पैसे थांबणार नाहीत. हे सगळ्यांना चौदा महिन्यांत जमेल असं मी म्हणत नाही. ज्यांचा माल फक्त भावावर खपतो, दुसरीकडे सेम टू सेम मिळतो, त्यांना हे जड जाईल. त्यांनी आधी मालात काहीतरी स्वतःचं आणायला हवं.

आज रात्री दुकान बंद केल्यावर एवढं करा. मार्केटप्लेसचा मागच्या महिन्याचा सेटलमेंट रिपोर्ट उघडा. एका ऑर्डरीत खरंच किती उरले ते काढा. एकूण विक्रीतला त्यांचा वाटा किती ते काढा. आणि मागच्या वर्षभरात तुमच्याकडून दोनदा माल घेतलेली किती नावं तुम्हाला माहीत आहेत, ती मोजा. तिसरा आकडा शून्य आला, तर कामाला तिथूनच लागा. वेबसाइट नंतर.