ओलं इन्सुलेशन वाळत नाही, ते बदला

दसऱ्याच्या मागेपुढे वाशीम, कारंजा, रिसोडच्या बाजार समित्यांत नवं सोयाबीन यायला लागतं. पावसाळाभर थंड पडलेले तेलाचे आणि धान्यप्रक्रियेचे कारखाने त्याच सुमारास बॉयलर पेटवतात. अशा कारखान्यांचे मालक, शेतकरी कंपन्यांचे संचालक आणि साइटवर नव्याने रुजू झालेली इंजिनिअर मुलं, यांच्यासाठी ही छोटी गोष्ट. माणसं काल्पनिक आहेत, पण पाइपचं जे झालं ते कुठल्याही कारखान्यात होऊ शकतं.

बॉयलरपासून शेडपर्यंत चार इंची वाफेची लाइन. आत 170 अंशांची वाफ, पाइपवर 50 मिलिमीटर जाडीचं रॉकवूल आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. पावसाळ्यात कुणीतरी वरचा दिवा बदलायला पत्र्यावर पाय देऊन चढलं होतं. पत्रा दबला आणि सांधा बोटभर उघडला. लाइन सुरू होऊन दोन दिवस झाले, तरी त्या जागेखालून थेंब गळत होते.

तरुण इंजिनिअरने वर पाहिलं आणि म्हणाला, "काका, वरून नवा पत्रा मारू आणि सिलिकॉन भरू. आत एवढी वाफ आहे, आठ दिवसांत वाळेल सगळं."

"वाळीन कसं साहेब? पाण्याची वाफ होईन, पण ती जाईन कुठं?" म्हाताऱ्या सुपरवायझरने विचारलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पाइपला लागून असलेलं पाणी उकळतं. त्याची वाफ लोकरीतून बाहेर सरकते आणि तुलनेने थंड पत्र्याला लागून पुन्हा पाणी होते. ते पाणी ओघळत तळाशी येतं, तिथली लोकर ते शोषते आणि पाइपजवळ आलं की पुन्हा उकळतं. थोडं सांध्यातून गळतं, बाकीचं आतल्या आत फिरत राहतं. "हे वाळत नाही साहेब, हे शिजते," काका म्हणाले.

इंजिनिअरने तापमान मोजायची बंदूक काढून पत्र्यावर रोखली. आकडा अगदी साधा आला. काकांनी खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढली आणि दोन तुकडे चिकटवले, एक कोरड्या भागावर, दुसरा गळतीच्या जागी. पाच मिनिटं थांबून त्यांनी टेपवर नेम धरायला सांगितला. कोरड्या भागावर 46 अंश आले, गळतीच्या जागी 78. चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, म्हणून अशी बंदूक त्याच्यावर फसते. काळी टेप खरं सांगते.

रॉकवूलमध्ये उष्णता अडवते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा. त्या हवेच्या जागी पाणी आलं की अडवणूक संपते, कारण स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीसपटीहून जास्त वेगाने जाते. ओल्या फडक्याने गरम पातेलं उचलणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय तेच पाणी पुन्हा पुन्हा उकळायला बॉयलरचं इंधन जळतं ते वेगळंच.

लाइन बंद केली, दाब उतरवला, पाइप गार होऊ दिला. पत्रा खालच्या बाजूने उघडताच तांबूस पाणी सांडलं. काकांनी एक मीटर लांबीची ओली लोकर पोत्यात भरून काट्यावर ठेवली. वजन 13 किलो. तेवढीच कोरडी लोकर पावणेचार किलोची असते. म्हणजे मीटरभर लांबीत सव्वानऊ लिटर पाणी बसलं होतं. ती लोकर हाताने दाबली, तर दबलेलीच राहिली. तंतू धरून ठेवणारा चिकटा गेला होता. अशी लोकर उन्हात वाळवली तरी पाइपवर नीट बसत नाही. ती खाली लोंबते आणि वरच्या बाजूला पोकळी राहते.

खरा धक्का पाइपच्या तळाशी होता. गंजाचे पापुद्रे निघत होते. इंजिनिअर घाबरला, पण काकांनी थांबवलं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट फुगतो, त्यामुळे नुसत्या पापुद्र्यावरून अंदाज बांधायचा नाही. ब्रशने घासून जाडी मोजणारं अल्ट्रासॉनिक यंत्र लावलं. मूळ सहा मिलिमीटरच्या भिंतीत तळाशी 4.2 उरले होते. पाइप वाचला होता, पण दोन-चार हंगाम पत्र्यावर पत्रा मारत गेलं असतं, तर गंज कुणाला दिसला नसता आणि शेवटी वाफेने स्वतःच वाट काढली असती.

साध्या पोलादाला इन्सुलेशनखालचा गंज साधारण 50 ते 175 अंशांच्या पट्ट्यात सर्वाधिक छळतो. वाफेच्या बऱ्याच लाइन याच पट्ट्यात चालतात. त्यातही हंगामी कारखान्याची लाइन जास्त धोक्यात असते, कारण ती गार झाली की फटीतून पाणी आत येतं आणि तापली की त्याच पाण्यातले क्षार पाइपवर साचतात.

आता तुमच्यासाठी. हंगामाआधी लाइनखालून एकदा सावकाश चाला. दबलेला पत्रा, उघडा सांधा, तांबूस ओघळ, आधारांच्या जागा, व्हॉल्व्ह आणि कोपरे नीट पाहा. संशय आला तर वरून ठिगळ मारू नका. लाइन बंद आणि गार करून पत्रा उघडा, आणि लोकर हाताला कोरडी लागेपर्यंत दोन्ही बाजूंना पुढे जात राहा. पाणी शिरतं एका जागी आणि साचतं उताराच्या टोकाला, हे विसरू नका. इन्सुलेशन फार जुनं असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस नाही ना, हे तपासल्याशिवाय हात लावू नका. रॉकवूललाही हातमोजे आणि मास्क हवेतच.

पाइप घासा, जाडी मोजा, आणि त्या तापमानाला टिकणारा रंग लावा. साधा रेड ऑक्साइड इथे चालत नाही. जाडी फार घटली असेल, तर गावातल्या वेल्डरकडून तुकडा जोडून घेऊ नका. वाफेच्या लाइनची दुरुस्ती बॉयलर कायद्यात येते, त्यासाठी बाष्पके संचालनालयाची रीतसर परवानगी लागते. नवी लोकर पावसात उघडी ठेवू नका. पत्र्याचा लांबीचा सांधा वर न ठेवता बाजूला, थोडा खालच्या अंगाला घ्या, आणि वरच्या पत्र्याची कड खालच्यावर येऊ द्या, म्हणजे पाणी घरंगळून जाईल.

कोल्ड स्टोरेजवाल्यांनी तर आणखी सावध राहावं. थंड पाइपकडे हवेतलं बाष्प स्वतःहून ओढलं जातं. बाहेरचं बाष्परोधक आवरण एकदा फाटलं, की आतलं पाणी बाहेर यायला उष्णताच नसते. ते गोठतं, आणि बर्फातून उष्णता पाण्यापेक्षाही सहज जाते. पाइपवर घाम किंवा बर्फ दिसला, तर तो भाग काढून बदलण्याला पर्याय नाही.

ठेकेदाराकडून भाव घेताना फक्त "पत्रा दुरुस्ती" लिहून घेऊ नका. जुनी ओली लोकर काढणं, पाइप घासून जाडी मोजणं, रंग, नवी लोकर आणि पत्रा, असा मीटरचा एकत्र दर मागा, आणि पत्रा बंद करण्याआधी लोकर स्वतः हात लावून पाहा.