घाबरलेल्या मांजराचे रक्त खरे बोलत नाही

मांजर दवाखान्याच्या टेबलावर फिस्कारले, पंजा मारू लागले, की बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो. एकाने मानगूट घट्ट धरायची, दुसऱ्याने मागचे पाय ओढून ठेवायचे आणि तिसऱ्याने मिळेल त्या शिरेतून रक्त काढायचे. ‘दोन मिनिटांचे काम आहे, उगाच गुंगीचे औषध कशाला?’ हा प्रश्न मालकही विचारतात आणि काही पशुवैद्यकही. वरवर तो व्यवहार्य वाटतो. पण अशा झटापटीत काढलेले रक्त अनेकदा मांजराच्या आजाराचे नव्हे, तर त्या दोन मिनिटांतल्या भीतीचे चित्र दाखवते. त्या चित्रावरून उपचार ठरले, तर निरोगी जिवावरही संकट येऊ शकते.

सर्वात ठळक उदाहरण रक्तशर्करेचे. शांत मांजराची साखर साधारण ७० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. मांजर घाबरून झगडू लागले की अ‍ॅड्रेनलिन स्रवते, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि काही मिनिटांतच हा आकडा २०० च्या पुढे, क्वचित ३०० पर्यंतही जातो. ही वाढ मांजरात इतर अनेक प्राण्यांपेक्षा अधिक दिसते. शिवाय पांढऱ्या पेशी वाढून संसर्ग असल्याचा भास होतो. सुई शिरेत नीट न बसता रक्त थेंबाथेंबाने आले, तर प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्यांची संख्या खोटी कमी दाखवते. रक्तदाब आणि हृदयाचे ठोके तर भरवशाचे राहतच नाहीत.

हे नेमके कसे बिघडते आणि कसे सावरता येते, हे समजण्यासाठी एक प्रसंग कल्पून पाहू. नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, चार किलोचा बोका. दोन महिन्यांत त्याचे वजन उतरले म्हणून त्याला दवाखान्यात आणले. तिघांनी दाबून धरले, दोनदा सुई चुकली, तिसऱ्यांदा रक्त मिळाले. साखर आली २६४. वजन घटलेले आणि साखर वाढलेली, म्हणजे मधुमेह, असा निष्कर्ष काढणे अगदी सोपे आहे. पण मधुमेह नसलेल्या मांजराला इन्सुलिन दिले तर साखर धोकादायक पातळीखाली जाऊन झटके येतात, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. या एका आकड्यावर इतके काही अवलंबून असते.

अशा वेळी सावध पशुवैद्यक दोन गोष्टी तपासतात. घरी मांजराच्या मातीच्या ट्रेमधून मिळवलेल्या लघवीत साखर आहे का, ही पहिली. दुसरी फ्रुक्टोसामाइन ही रक्तचाचणी. ती त्या क्षणाची नव्हे, तर मागच्या एक-दोन आठवड्यांतील साखरेची सरासरी सांगते, म्हणून काही मिनिटांच्या भीतीने ती फुगत नाही. आपल्या बोक्याच्या लघवीत साखर नाही आणि फ्रुक्टोसामाइनही मर्यादेत आहे, असे धरू. म्हणजे मधुमेहाची शक्यता फारच कमी झाली. मग वजन का घटले? त्याचे उत्तर पहिल्या भेटीत मिळूच शकले नव्हते, कारण चावायला धावणाऱ्या बोक्याचे तोंड कोणी उघडून पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या भेटीची तयारी घरापासूनच करावी लागते. यात गॅबापेन्टिन हे औषध आता जगभर वापरले जाते. ते मूळचे माणसांच्या अपस्माराचे आणि मज्जातंतूंच्या वेदनांचे औषध. मांजराला ५० ते १०० मिलिग्रॅमचा एक डोस निघण्यापूर्वी साधारण दोन तास आधी दिला, की प्रवासाची आणि तपासणीची भीती कमी होते. कॅप्सूल उघडून पूड चमचाभर मासळीत किंवा उकडलेल्या चिकनमध्ये मिसळता येते. त्यानंतर काही तास मांजर झिंगल्यासारखे चालते, कधी लाळ गाळते किंवा उलटी करते. म्हणून त्या दिवशी त्याला उंच कपाटावर, बाल्कनीत किंवा खिडकीच्या कठड्यावर जाऊ देऊ नये.

मात्र हे औषध पशुवैद्यकाने लिहून दिल्याशिवाय घरच्या घरी देण्याजोगे नाही. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मांजराला डोस कमी करावा लागतो, आणि म्हाताऱ्या मांजरांत हा विकार वारंवार आढळतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. औषधाच्या दुकानात गॅबापेन्टिनच्या अनेक गोळ्या मिथाइलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलिनसोबत मिळतात. मांजरासाठी अशी मिश्र गोळी चालणार नाही. चिठ्ठीवर फक्त गॅबापेन्टिन आहे आणि हातात दिलेल्या पाकिटावरही तेवढेच लिहिले आहे, हे मालकाने वाचून पाहायलाच हवे.

आता हाताळणीकडे वळू. बोका पिंजऱ्यातून बाहेर ओढायचा नाही. पिंजऱ्याचे वरचे झाकण काढायचे आणि त्याला खालच्या भागातच, आपल्या वासाच्या पांघरुणावर बसू द्यायचे. डोक्यावर हलका टॉवेल टाकायचा, कारण लपायला जागा मिळाली की मांजराचा धीर टिकतो. खोलीत कुत्रे नको, मोठा आवाज नको. रक्तासाठी पुढचा पाय ओढण्यापेक्षा मागच्या पायाच्या आतल्या बाजूची शीर सोयीची पडते. मांजर कुशीवर पडलेले असते, डोके झाकलेले असते, मदतनीस जांघेपाशी हलका दाब देतो आणि सुई त्याच्या नजरेआड लागते. त्वचा बधिर करणारे मलम अर्धा-एक तास आधी लावले, तर टोचल्याचा झटकाही टळतो.

मानगूट धरण्याच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो, की मांजरी पिल्लाला तशीच उचलून नेते. पण ती सवय पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांपुरती आहे. मोठे मांजर मानगूट धरल्यावर थिजते. ते शांत झालेले नसते, सुटका नाही हे त्याला कळलेले असते. रुंद झालेली बाहुली, डोक्याला चिकटलेले कान, अंगाखाली दडवलेली शेपटी आणि जलद श्वास पाहिला, की फरक लक्षात येतो. तोंड उघडून धापा टाकू लागले, तर तपासणी त्याच क्षणी थांबवायला हवी. मांजरांच्या पशुवैद्यकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही मानगूट धरण्याच्या पद्धतीला पाठिंबा नाही.

या तयारीने आपल्या बोक्याचे रक्त एकाच सुईत मिळते आणि साखर येते ११२. पण ओठ वर करताच तो पुन्हा गुरगुरतो. इथे जबरदस्तीने जबडा उघडण्याऐवजी इंजेक्शनची गुंगी द्यावी, असा निर्णय व्हायला हवा. गुंगी म्हणजे शस्त्रक्रियेची पूर्ण भूल नव्हे. ब्युटॉर्फेनॉल आणि डेक्समेडेटोमिडिन यांसारखी औषधे स्नायूत दिली, की काही मिनिटांत मांजर झोपाळू होते. क्रम मात्र महत्त्वाचा आहे. डेक्समेडेटोमिडिन आणि झायलाझिन या गटातील औषधे स्वतःच रक्तशर्करा वाढवतात. म्हणून शक्य असेल तेव्हा रक्त आधी काढायचे आणि गुंगी नंतर द्यायची. तसे जमले नाही, तर कोणते औषध किती वाजता दिले हे अहवालासोबत नोंदवायचे, म्हणजे आकड्याचा अर्थ लावताना पुन्हा तीच चूक होणार नाही. गुंगी आल्यावर बोक्याचे तोंड पाहिले, तर एका दाढेच्या मुळाशी झीज आणि हिरडीला सूज दिसते. खाताना दुखत असल्याने तो खात नव्हता. वजन त्यामुळे घटले होते, साखरेमुळे नव्हे.

गुंगीला धोका नाही, असे म्हणता येणार नाही. वरवर निरोगी दिसणाऱ्या मांजरांतही हृदयाच्या स्नायूचा जाडपणा आढळतो आणि स्टेथोस्कोपने तो दर वेळी ऐकू येतोच असे नाही. त्यामुळे वय, आधीचे आजार आणि श्वास पाहून औषध निवडावे लागते, काही मांजरांत काही औषधे टाळावी लागतात. मांजराला किती तास उपाशी ठेवायचे हे आधीच विचारून घ्यावे लागते. गुंगीत नाडी, श्वास, तापमान आणि जिभेचा रंग पाहणारा माणूस शेजारी हवा आणि प्राणवायूची सोय हाताशी हवी. डोळे उघडे राहत असल्याने त्यांत मलम घालावे लागते. जिथे ही व्यवस्था नाही, तिथे गुंगी न देता तशी सोय असलेल्या दवाखान्यात पाठवणेच योग्य. श्वास घेता येत नाही किंवा रक्तस्राव होतो आहे अशा आणीबाणीत तर जीव वाचवणे आधी, हे वेगळे सांगायला नको.

पण धोक्याचा हिशेब करताना झटापटीचा धोकाही त्याच वहीत लिहायला हवा. आजारी हृदयाच्या मांजराला तिघांनी दाबून धरणे हेही धोक्याचेच आहे. मांजराचा दात बारीक आणि खोल रुततो, जखम वरून लहान दिसते पण आत चिघळते. आपल्या देशात प्रत्येक चाव्यामागे रेबीजची शंका येते, त्यामुळे जखम साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि लसीचा सल्ला घेणे आलेच. शिवाय एकदा अशी झटापट अनुभवलेले मांजर पुढच्या वेळी पिंजरा पाहताच लपते, आणि मालक दवाखाना टाळू लागतो.

म्हणून दोन बदल व्हायला हवेत. भेटीची वेळ देतानाच दवाखान्याने ‘मागच्या वेळी मांजर घाबरले होते का?’ असे विचारावे आणि उत्तर होकारार्थी असेल तर आधीच्या औषधाची चिठ्ठी द्यावी. आणि सुई दोनदा चुकली किंवा मांजर झगडू लागले, की तिसरा माणूस बोलावण्याऐवजी थांबण्याचा नियम भिंतीवर लिहून ठेवावा. मालकांनीही गुंगीचा किंवा दुसऱ्या भेटीचा खर्च ‘उगाचचा’ मानू नये. दाबून काढलेल्या रक्ताचा अहवाल स्वस्तात मिळतो खरा, पण त्यावरून सुरू झालेले चुकीचे इन्सुलिन फार महागात पडते.