मतदार यादीतील नाव

मतदानाचा हक्क आज जन्मसिद्ध वाटतो. परंतु ब्रिटिश अमदानीत तो मालमत्तेला जोडलेला होता. 1919 च्या कायद्यान्वये प्रांतिक मतदार होण्यासाठी ठरावीक शेतसारा, घरभाडे किंवा कर भरणे आवश्यक असे. स्त्रियांना मत द्यावे की नाही, हा निर्णय प्रांतिक विधिमंडळांवर सोपविलेला होता. मद्रास आणि मुंबई इलाख्यांनी 1921 मध्येच स्त्रियांवरील बंदी उठविली. मात्र मालमत्तेची अट कायम राहिली. बहुतेक घरांत जमीन व घर पुरुषाच्या नावे असल्याने फार थोड्या स्त्रियांना त्याचा लाभ झाला.

1935 च्या कायद्याने यातून एक विचित्र वाट काढली. स्त्रीला साक्षरतेच्या आधारे मत मिळू लागले, तसेच पुरेशी मालमत्ता असलेल्या पुरुषाची पत्नी म्हणूनही. म्हणजे मत तिचे, पण त्याचा आधार पतीची मालमत्ता. एवढे करूनही लोकसंख्येचा लहानसा भागच मतदार यादीत आला.

26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 326 ने मालमत्ता, शिक्षण व लिंग या साऱ्या अटी एकदम दूर केल्या. एकवीस वर्षांचा प्रत्येक नागरिक मतदार ठरला. सुमारे 17 कोटी लोकांची यादी तयार करताना मात्र एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आदी भागांत अनेक स्त्रिया परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगेनात. नोंदणी करणाऱ्यांनी मग ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ असे लिहून घेतले.

मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ही नोंद मान्य केली नाही. नावावाचून मतदाराची ओळख पटणार कशी, आणि तिच्या जागी दुसरी कोणी मत देऊन गेल्यास ते कळणार कसे? नावे मिळविण्याचे प्रयत्न झाले, बिहारला वाढीव मुदतही देण्यात आली. तरीही सुमारे 28 लक्ष स्त्रियांच्या नोंदी वगळाव्या लागल्या. राज्यघटनेने दिलेला हक्क त्यांना पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बजावता आला नाही.

हा निर्णय त्या वेळी कठोर भासला असेल. तरी त्यातील तत्त्व नीट पाहावे. 1935 च्या कायद्यात ‘अमक्याची पत्नी’ हीच पात्रता होती. 1951 मध्ये तीच ओळख अपुरी ठरली, कारण आता मत घराचे नव्हते, व्यक्तीचे होते.

वयाची अट शेवटी सैल झाली. 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले आणि त्याच वर्षाच्या लोकसभा निवडणुकीत अठरा वर्षांच्या तरुणांनी प्रथमच मत दिले. कायद्यातील अटी अशा एकेक गळून पडल्या. यादीत स्वतःचे नाव असण्याची अट मात्र आजही तशीच आहे.