कुणाचा वाढदिवस, ते तर सांग!

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला. "मामू, वाढदिवसाचा एक छान मराठी मेसेज लिहून द्या. अर्जंट." बस, एवढंच. मराठीत लिहितो म्हणून ही कामं माझ्याकडे येतातच. मला वाटलं, याचा कुणी दोस्त असेल. मी लिहून दिलं, "मित्रा, तू नेहमी असाच हसत राहा, तुझ्याशिवाय कट्टा सुना."

दुसऱ्या दिवशी कळलं, वाढदिवस त्याच्या ऑफिसातल्या मॅडमचा होता. वयाने मोठ्या, निवृत्तीला आलेल्या. भाच्याने हुशारी केली. 'मित्रा'च्या जागी 'मॅडम' लिहिलं, 'तू'चं 'तुम्ही' केलं, कट्टा काढला आणि मेसेज पाठवून दिला. "मॅडम, तुम्ही नेहमी असाच हसत राहा." 'अशाच' हवं होतं, 'असाच' तसाच राहिला. उधारीचा मेसेज असा पकडला जातो. चूक त्याची, पण निम्मी माझीही. मी विचारलंच नाही.

इंग्रजीत 'यू' म्हटलं की बाप, बॉस, बायको सगळे त्यात येतात. मराठीत पहिल्याच शब्दाला तू की तुम्ही ठरवावं लागतं, आणि पुढे समोरचा बाई की पुरुष हे 'असाच'-'अशाच'मधून बाहेर पडतंच. शिवाय आशीर्वाद मोठ्याने लहानाला द्यायचा. वीस वर्षांच्या पोराने साठीच्या माणसाला "अनेक आशीर्वाद" लिहिलं तर हसू येतं. नातं न कळता बिनधोक लिहिता येईल असं एकच वाक्य आहे, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." त्यात ना तू, ना तुम्ही, ना बाई, ना पुरुष. म्हणून ते सगळ्यांना चालतं, आणि वाचताना कुणाचंच वाटत नाही.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते. काही बुजुर्ग वाढदिवस मानतच नाहीत. त्यांना केकचं चित्र पाठवलं तर ते गप्प बसतात, पण "अल्लाह तुम्हाला सेहत देवो" म्हटलं तर आमीन म्हणतात. हेही माणूस कोण ते कळल्यावरच सुचणार ना?

आता मी आधी विचारतो. तोंडावर तू काय हाक मारतोस? वयाने कोण मोठं? त्यांनी तुझ्यासाठी केलेली एखादी गोष्ट आठवते का? भाच्याला हे विचारलं तेव्हा तो जरा थांबून म्हणाला, "पहिल्या महिन्यात माझा हिशेब चुकला होता, त्यांनी शेजारी बसून करून घेतला."

मग हे लिहायला हवं होतं: "मॅडम, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. पहिल्या महिन्यात माझा हिशेब चुकला, तेव्हा तुम्ही शेजारी बसून तो पुन्हा करून घेतलात. अजून आठवतं. तब्येत सांभाळा."

यात माझं काय आहे? फक्त शुद्धलेखन. भाच्याने हे पुढच्या वर्षासाठी जपून ठेवलंय म्हणे. त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी मॅडम ऑफिसात नसतील, आजच जाऊन तोंडाने सांगून ये.