'अर्धभरित म्हणून स्थिर' एवढ्यावर थांबू नका

अकरावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास भेटतं : "क्रोमियम व कॉपर यांचे संरूपण अपवादात्मक आहे, कारण अर्धभरित व पूर्णभरित उपकवच स्थिर असते." गुण मिळतात, पण माझ्या मते हे कारण नाही, नुसतं नाव आहे. स्थिर का असतं, हे त्यात कुठेच येत नाही.

आधी अपवाद पाहू. क्रोमियमचा अणुअंक 24. नेहमीच्या क्रमाने भरलं तर शेवट 3d⁴ 4s² असा यायला हवा. प्रत्यक्षात असतो 3d⁵ 4s¹. कॉपर 29 वा. अपेक्षित 3d⁹ 4s², प्रत्यक्षात 3d¹⁰ 4s¹. दोन्हीकडे 4s मधला एक इलेक्ट्रॉन 3d मध्ये गेला.

का गेला? सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून जरा दूर राहतात, म्हणून त्यांच्यातलं प्रतिकर्षण कमी होतं. अशा प्रत्येक जोडीमागे अणूची ऊर्जा थोडी उतरते. हीच विनिमय ऊर्जा. आता वही घ्या आणि 3d मधल्या सारख्या स्पिनच्या जोड्या मोजा. चार इलेक्ट्रॉन असतील तर 6 जोड्या, पाच असतील तर 10. म्हणजे क्रोमियमला 4 जोड्यांचा फायदा झाला. कॉपरमध्ये 3d⁹ म्हणजे पाच वर, चार खाली : 10 + 6 = 16. 3d¹⁰ म्हणजे 10 + 10 = 20. इथेही फायदा 4 चाच!

आता शेजारच्यांना विचारा. व्हॅनेडिअमने 3d³ चं 3d⁴ केलं तर जोड्या 3 वरून 6 होतील, फायदा 3. निकेलने 3d⁸ चं 3d⁹ केलं तर 13 वरून 16, पुन्हा 3. नवा इलेक्ट्रॉन आला की त्याच्या स्पिनचे जितके आधीपासून बसलेले, तितक्याच नव्या जोड्या. पाच कक्षकांत हा आकडा जास्तीत जास्त 4 होतो, आणि तो नेमका अर्धं किंवा पूर्ण उपकवच भरतानाच मिळतो. 'अर्धभरित' या शब्दात जादू नाही, ती या मोजणीची शेवटची पायरी आहे.

पण फायदा आहे तिथे खर्चही आहे. एक हुशार मुलगी वर्गात विचारते, "सर, मग कार्बन 2s¹ 2p³ का होत नाही? तेही अर्धभरितच की!" प्रश्न अगदी बरोबर. कार्बनमध्ये 2s आणि 2p यांच्यातलं अंतर मोठं आहे. सगळा हिशेब करूनही ती अवस्था सुमारे 4.2 eV वर राहते. क्रोमियममध्ये 3d व 4s जवळजवळ आहेत, म्हणून खर्च कमी पडतो. तिथे 3d⁵ 4s¹ ही रचना 3d⁴ 4s² पेक्षा सुमारे 1 eV खाली आहे. कॉपरमध्ये केंद्रकाचा प्रभार वाढल्याने 3d आणखी खाली उतरलेलं असतं, त्याचीही मदत होते. आणि क्रोमियमच्याच गटातला टंगस्टन? तो 5d⁴ 6s² वरच थांबतो, कारण त्या जड अणूत 6s इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे जास्त ओढले जातात. नियम सरसकट असता तर टंगस्टननेही तो पाळला असता.

शेवटी आपल्या भिवापूरचं उदाहरण. मिरचीच्या पिकावर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारतात, ते मोरचूद आणि चुना यांचं. मोरचुदात कॉपर Cu²⁺ असतं, म्हणजे 3d⁹. पूर्णभरित 3d¹⁰ असलेला Cu⁺ मात्र पाण्यात टिकत नाही. त्याचं Cu²⁺ आणि धातुरूप कॉपर होतं. कारण पाण्याचे रेणू दोन प्रभार असलेल्या आयनाला इतकं घट्ट धरतात, की दुसरा इलेक्ट्रॉन काढण्याचा खर्च भरून निघतो. 'पूर्णभरित ते स्थिर' एवढंच पाठ केलेल्या मुलाला मोरचुदाचा निळा रंगच चुकीचा वाटायला हवा! ते स्थैर्य एकट्या, मोकळ्या अणूच्या हिशेबातलं आहे. बाटलीतल्या द्रावणाचा हिशेब वेगळा.

म्हणून उत्तर लिहिताना तीन गोष्टी लिहा : 3d व 4s ची ऊर्जा जवळची आहे, एक इलेक्ट्रॉन सरकल्याने सारख्या स्पिनच्या जोड्या 6 वरून 10 होतात (कॉपरसाठी 16 वरून 20), आणि हा फायदा खर्चापेक्षा जास्त ठरतो. चार ओळींचं उत्तर होईल. पण उद्या कुणी कार्बन किंवा टंगस्टन विचारला, तर तुम्ही अडणार नाही.