घड्याळ झोपले, तरच माणूस झोपेल

मे महिन्यातली नागपूरची रात्र. कूलर घरघरतो आहे, खोलीत मिट्ट अंधार आहे आणि कूस बदलताच मनगटावर लख्ख उजेड पडतो. दोन वाजून चाळीस मिनिटे. साडेपाचला अंबाझरीला फिरायला जायचे, म्हणजे आता तीन तासही उरले नाहीत. हा हिशेब मनात सुरू झाला की झोप गेलीच.

दवाखान्यात येणारे मधुमेहाचे एक बावन्न वर्षांचे गृहस्थ नेमकी हीच तक्रार सांगतात. रात्री तीन-चारदा जाग येते. झोपेची गोळी हवी म्हणतात. मुलाने घड्याळात 'डू नॉट डिस्टर्ब' लावून दिले आहे, त्यामुळे घड्याळाचा दोष नाही, अशी त्यांची खात्री असते. गोम इथेच आहे.

'डू नॉट डिस्टर्ब' येणाऱ्या सूचना अडवते. मेसेजचा आवाज नाही, मनगटावर थरथर नाही. पण हात उचलला की पडदा उजळण्याची सोय वेगळी असते आणि ती बहुतेक घड्याळांत चालूच राहते. झोपेत कूस बदलणारा हात आणि वेळ बघायला उचललेला हात यांतला फरक घड्याळाला नेहमी कळत नाही. 'थिएटर मोड'चे उलट आहे. तो पडदा काळा ठेवतो, टिचकी मारल्याशिवाय किंवा बटण दाबल्याशिवाय उजेड पडत नाही. मात्र काही घड्याळांत सूचना आली की मनगटावर थरथर होतेच. देशपांडे सभागृहात नाटक बघताना शेजाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये, एवढ्यासाठी तो उत्तम. रात्री लावला तर सकाळी आठवणीने काढावा लागतो.

दोन्ही कामे करतो तो 'स्लीप मोड'. त्यात सूचना गप्प होतात आणि हात हलवला तरी पडदा उजळत नाही. शिवाय त्याला वेळापत्रक देता येते. या गृहस्थांसाठी रात्री साडेदहा ते पहाटे साडेपाच, आठवड्याचे सातही दिवस. अ‍ॅपलच्या घड्याळात हे वेळापत्रक फोनमधल्या आरोग्याच्या अ‍ॅपमध्ये झोपेच्या भागात लावतात. सॅमसंगच्या घड्याळात सेटिंग्जमधल्या मोडच्या यादीत. ज्या घड्याळात असा मोड नाही, तिथे `Raise wrist to wake` आणि `Always On Display` अशा नावाच्या सोयी झोपताना हाताने बंद कराव्यात. लावले की दिवा मालवून मनगट दोन-तीनदा फिरवून पाहावे. पडदा काळाच राहिला, तर काम झाले.

मनगटावरच्या इवल्याशा पडद्याच्या निळ्या उजेडाचा बाऊ मात्र करू नये. डोळ्यांतल्या काही पेशी निळसर उजेडाने मेंदूला दिवस झाल्याचा निरोप देतात, मेलॅटोनिन कमी होते, हे खरे. पण क्षणभराच्या एवढ्याशा उजेडापेक्षा तासभर पाहिलेला मोबाइल किंवा खोलीतला दिवा यांचा वाटा मोठा. घड्याळाचे खरे नुकसान दिसणाऱ्या आकड्यांत आहे. निद्रानाशाच्या उपचारात घड्याळ नजरेआड ठेवा, हा सल्ला स्मार्टवॉच येण्याच्या फार आधीपासून दिला जातो. आपण ते भिंतीवरून काढून मनगटावर बांधले, एवढेच!

आता काळजीचा भाग. या गृहस्थांची पहाटे पाचची औषधाची आठवण एका अ‍ॅपची सूचना म्हणून येत होती. स्लीप मोड लागला की अशी सूचना गप्प राहू शकते. अलार्म मात्र वाजतो. म्हणून औषधाची वेळ अलार्म म्हणूनच लावावी. साखर मोजणारा सेन्सर दंडावर असेल, तर साखर घसरल्याचा इशारा देणाऱ्या अ‍ॅपला मोडमध्ये परवानगी द्यावी आणि ती खरोखर लागू झाली का, हे जागेपणी तपासावे. गावी एकट्या राहणाऱ्या आईचा नंबरही परवानगीच्या यादीत हवा. त्याच माणसाने लगेच पुन्हा केलेला फोन वाजू देण्याची सोय फोनमध्ये असते; आयफोनमध्ये तीन मिनिटांच्या आत, अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांच्या आत. घरच्यांना 'नाही उचलला तर लगेच दुसऱ्यांदा कर' एवढे सांगून ठेवावे.

रात्रपाळीच्या परिचारिकेला हे वेळापत्रक उपयोगाचे नाही. तिची झोप सकाळी घरी पोचल्यावर सुरू होते आणि आठवड्याने पाळी बदलते. तिने वेळ न बांधता, पडदे ओढताना स्लीप मोड हाताने लावावा. वॉर्डात मात्र तिला थिएटर मोड सोयीचा. नाडी मोजताना टिचकी मारली की सेकंद दिसतात, एरवी झोपलेल्या रुग्णावर उजेड पडत नाही.

पडदा आठ-दहा रात्री काळा ठेवूनही जाग येतच राहिली, तर दोष घड्याळाचा नाही. या गृहस्थांना उठल्यावर लघवीला जावे लागते का, बायको घोरण्याची किंवा श्वास अडकल्याची तक्रार करते का, हे विचारायला हवे. रक्तातली साखर आणि गरज पडल्यास प्रोस्टेट तपासायला हवे. झोपेच्या गोळीचा विचार त्यानंतरचा.