दुसरी चौकट
एटापल्ली-भामरागडकडचा माणूस नवं ऑनलाइन खातं बरेचदा सेवा केंद्रात उघडतो आणि ‘मला मान्य आहे’वरची खूण केंद्रचालकच करून टाकतो. ती होण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्यावी. अनेक ठिकाणी चौकटी दोन असतात. लाल तारा असतो ती अटींची, तिच्याशिवाय खातं उघडत नाही. दुसरी जाहिरातींची किंवा ‘सहयोगी कंपन्यांना’ माहिती देण्याची, आणि तिच्यात कित्येकदा आधीच खूण केलेली असते. ती काढून पुढे जाऊन बघा. खातं उघडलं, तर ती गरजेची नव्हतीच. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात एक उदाहरणच दिलं आहे: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने तुमची संपर्कयादीही मागितली आणि तुम्ही दोन्हींना होकार दिलात, तरी तो सल्ल्यापुरताच धरायचा, कारण त्या कामाला यादी लागतच नाही. होकार मागताना द्यायची सूचना मराठीत वाचायला मिळण्याची तरतूदही त्यात आहे. पण ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपुरती. तिथे गोंडी नाही, माडियाही नाही. तेव्हा केंद्रचालकाने निदान ही दुसरी चौकट समोरच्याला त्याच्या बोलीत समजावून सांगावी आणि त्याने हो म्हटलं तरच खूण करावी.